गाडीच्या स्क्रीनवरचे इको मार्क कसे वाचायचे: बीड ते अंबाजोगाई, एका टाकीचा हिशेब

भाच्याने मागच्या दिवाळीत पहिली गाडी घेतली. छोटी पेट्रोल गाडी, पाच गिअरची, मॅन्युअल. नोकरी अंबाजोगाईला आणि घर बीडला, म्हणून आठवड्यातून दोन वेळा त्याचं येणंजाणं असतं. एका रविवारी त्याने मोबाइलवर काढलेला फोटो मला दाखवला. गाडीच्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरात 57 आणि खाली तीन आडव्या पट्ट्या.

"मामा, मी तर गाडी ऐंशीच्या वर नेत नाही. तरी सत्तावन्नच मार्क! आणि ॲव्हरेज सोळा. शोरूमवाल्याने बावीस सांगितलं होतं."

असाच फोटो आणि असाच प्रश्न घेऊन बरेच जण येतात. म्हणून त्याच्याच गाडीचं उदाहरण घेऊन हे मार्क वाचायचे कसे आणि त्यावरून पाय कुठे बदलायचा, हे सविस्तर लिहितो. परभणीला पेट्रोल राज्यात सगळ्यात महाग, अशी बातमी आपण दरवेळी वाचतो, आणि बाकी मराठवाड्यातही ते काही फार स्वस्त पडत नाही. त्यामुळे शंभर किलोमीटरमागे अर्धा-पाऊण लिटर वाचलं तरी महिन्याच्या खर्चात ते दिसतं.

आधी पान शोधा, आणि ते कोणत्या फेरीचं आहे ते बघा

पहिला गोंधळ इथेच होतो. गाडीत `ECO` लिहिलेलं एक बटण असतं आणि इको मार्कांचं एक पान असतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बटण दाबलं की गाडी स्वतःत बदल करते: रेस जरा मऊ होते, एसी थोडा सैल चालतो. मार्कांचं पान गाडीत काहीही बदलत नाही. ते तुमच्या पायांचं आणि गिअरच्या हाताचं मोजमाप ठेवतं. बटण दाबून ठेवलं म्हणून मार्क आपोआप वाढत नाहीत.

पानाचं नाव कंपनीगणिक बदलतं. रेनॉच्या गाड्यांत मधल्या स्क्रीनवर `Eco Scoring` असं पान मिळतं. टोयोटाच्या हायब्रीड गाड्यांत मीटरमध्येच `Eco Score` दिसतो. काही गाड्यांत नुसती हिरवी पानं किंवा हिरवा-निळा दिवा असतो. तुमच्या गाडीत स्टिअरिंगवरच्या बटणांनी मीटरची पानं एकेक करून फिरवा, आणि तिथे नसेल तर मधल्या स्क्रीनच्या वाहन किंवा इको मेन्यूमध्ये बघा. हे काम गाडी उभी असताना करा. मार्क बघायचेही गाडी थांबल्यावरच. चालत्या गाडीत नजर रस्त्यावरून काढावी असं त्या पानावर काहीही नसतं.

पान सापडलं की बघा, हे मार्क कधीपासूनचे आहेत. काही गाड्या दर वेळी चावी फिरवली की नव्याने मोजतात. काहींमध्ये तुम्ही रीसेट करेपर्यंत बेरीज चालू राहते. भाच्याच्या गाडीत दुसरा प्रकार होता, आणि शोरूममधून गाडी बाहेर काढल्यापासून त्याने एकदाही रीसेट केलं नव्हतं. म्हणजे त्या 57 मध्ये बीडच्या सुभाष रोडवरची गर्दी, लग्नाच्या वरातीमागे अर्धा तास चालवलेली गाडी, नव्याने शिकणाऱ्या बायकोचा सराव, सगळंच मिसळलेलं होतं. अशा आकड्यावरून काहीही कळत नाही.

म्हणून आम्ही पहिलं काम हे केलं: बीडमध्ये टाकी फुल केली, पंपावरच मार्कांचं पान आणि ट्रिप मीटर दोन्ही शून्यावर आणले, आणि मी त्याच्या शेजारी बसून अंबाजोगाईला गेलो.

मोठा आकडा बाजूला ठेवा, सगळ्यात छोटी पट्टी बघा

अंबाजोगाईला गाडी लावली तेव्हा मार्क होते 59. आधीच्याइतकेच. पण आता खालच्या पट्ट्यांना अर्थ होता, कारण त्या एकाच रस्त्याच्या होत्या:

`Acceleration` : पाचपैकी चार
`Gear change` : पाचपैकी तीन
`Anticipation` : पाचपैकी एक

पहिली पट्टी म्हणजे वेग वाढवताना तुम्ही रेस किती जोरात दाबता. दुसरी म्हणजे गाडी बाण दाखवते तेव्हा तुम्ही वरचा गिअर वेळेवर टाकता का. तिसऱ्या शब्दाला मराठीत नेमका एक शब्द देणं अवघड आहे. समोर काय येणार हे ओळखून पाय आधीच उचलता, की जवळ जाऊन ब्रेक मारता, ते ही पट्टी सांगते. गाडीला समोरचा रस्ता दिसत नाही. तिला एवढंच कळतं की पाय रेसवरून सुटल्यावर गाडी गिअरमध्ये किती वेळ नुसती वाहत गेली, आणि ब्रेक लागला तेव्हा वेग किती झटक्यात उतरला.

मोठा आकडा या तिन्हींतून बनतो. तो 57 चा 59 झाला म्हणून हुरळून जाण्यासारखं काही नाही. सुधारायची जागा त्यात दिसत नाही, ती सगळ्यात छोट्या पट्टीत दिसते. आणि एका वेळी एकच पट्टी हातात घ्यायची. तिन्ही एकदम सुधारायला गेलं की नवीन माणसाचं लक्ष रस्त्यावर राहत नाही.

भाच्याचं दुखणं तिसऱ्या पट्टीत होतं. मी वाटेत त्याचे पाय बघत होतो, म्हणून कारणही दिसलं.

ब्रेकरच्या आधीचे तीनशे मीटर

मांजरसुंब्याला मोठा हायवे सोडला की पुढे नेकनूर, केज असं करत रस्ता जातो. गाव आलं की गतिरोधक, शाळा आली की गतिरोधक, आणि मधेच कुणी घरासमोर उभा केलेलाही एखादा. भाचा काय करत होता? ऐंशीने येत होता, ब्रेकर पन्नास-साठ मीटरवर आला की क्लच पूर्ण दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा आणि मग ब्रेक. ब्रेकर ओलांडला की पुन्हा पहिला-दुसरा गिअर आणि रेस.

यात दोन वेगवेगळे तोटे आहेत.

पहिला ब्रेकचा. गाडीला ऐंशीचा वेग द्यायला पेट्रोल जळलेलं असतं. ब्रेक मारला की तो सगळा वेग ब्रेकच्या चकत्यांत उष्णता होऊन निघून जातो. माणसांसह बाराशे किलोची गाडी धरली आणि पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो असं मानलं, तर वीसवरून पुन्हा ऐंशीवर यायला अंदाजे 35 मिलिलिटर पेट्रोल जास्तीचं लागतं. हॉटेलातल्या कटिंग चहाच्या ग्लासाचा जवळपास अर्धा भाग. तीस ब्रेकरना असं केलं की एक लिटर गेलं.

दुसरा तोटा क्लचचा, आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गिअर तसाच ठेवून रेसवरचा पाय पूर्ण उचलला, की संगणक इंजिनाचं पेट्रोल बंद करतो. अगदी पूर्ण बंद. चाकंच इंजिनाला फिरवत ठेवतात, म्हणून ते बंद पडत नाही. आरपीएम खाली येत येत बंद पडायच्या बेतापर्यंत पोचले, साधारण हजार-बाराशेच्या आसपास, की पेट्रोल पुन्हा सुरू होतं. पण तुम्ही क्लच दाबला किंवा न्यूट्रल केलं, तर चाकांचा आणि इंजिनाचा संबंधच तुटतो. मग इंजिनाला स्वतःच्या जिवावर फिरत राहावं लागतं आणि त्यासाठी ते पेट्रोल पितं. न्यूट्रलमध्ये गाडी "फुकट" पळते असं आपल्याकडे जुने ड्रायव्हर सांगतात. कार्ब्युरेटरच्या काळात गाडी गिअरमध्ये ठेवली तरी पेट्रोल ओढलं जायचं, तेव्हा ते काही अंशी खरं होतं. आताच्या गाडीत उलट आहे.

हे तुम्हाला स्वतःला पडताळून बघता येतं. शेजारी कुणाला तरी बसवा आणि त्याला मीटरमधलं क्षणाक्षणाचं ॲव्हरेज दाखवणारं पान बघायला सांगा. मोकळ्या सपाट रस्त्यावर साठच्या वेगात, चौथ्या गिअरमध्ये, पाय पूर्ण उचला. आकडा एकदम वरच्या टोकाला जाऊन चिकटतो (ज्या गाडीत शंभर किलोमीटरमागे लिटर दाखवतात तिथे 0.0 होतो). आता क्लच दाबा. आकडा लगेच खाली येतो. भाच्याला हे मी केजच्या अलीकडे दाखवलं. तो दोन-तीन वेळा क्लच दाबून-सोडून बघत राहिला.

मग ब्रेकरची नवी पद्धत ठरली. ब्रेकर किंवा गाव दिसलं की आरशात मागे बघायचं. मागे गाडी चिकटलेली नसेल तर साधारण तीनशे मीटर आधीच रेसवरून पाय उचलायचा. गिअर आहे तोच राहू द्यायचा, क्लचला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. पाचव्या गिअरमध्ये गाडी ऐंशीवरून आपोआप पन्नासच्या आसपास येते. मग हलका ब्रेक, आरपीएम बाराशेपाशी आले की क्लच, आणि ब्रेकरला लागेल तो गिअर. तीनशे मीटर नजरेने कळत नसतील तर रस्त्याकडेचे विजेचे खांब मोजा. दोन खांबांत साधारण पन्नास मीटर धरले तर सहा खांब.

एक काळजी मात्र घ्यायचीच. पाय उचलून गाडी हळू होते तेव्हा मागचे लाल दिवे लागत नाहीत. मागून ट्रक किंवा एसटी येत असेल तर तिला कळतच नाही की तुम्ही वेग कमी करताय. म्हणून ब्रेकच्या पेडलला पाय नुसता टेकवायचा, दिवा लागेल एवढाच. आणि मागची गाडी फारच जवळ असेल तर त्या ब्रेकरला मार्क सोडून द्यायचे.

घाटात काय बघायचं

बीडहून निघालं की मांजरसुंब्याचा घाट चढावा लागतो आणि परतताना उतरावा लागतो. म्हणून जातानाचं आणि येतानाचं ॲव्हरेज कधीच सारखं येत नाही. एका बाजूच्या फेरीवरून निष्कर्ष काढू नका, नेहमी जाऊन-येऊन मिळून बघा.

उतरताना भाचा न्यूट्रल करायचा. समजा उतार तीन किलोमीटरचा धरला आणि वेग ताशी छत्तीस, तर पाच मिनिटं लागतात. छोटं पेट्रोल इंजिन नुसतं उभं फिरताना तासाला साधारण 0.7 लिटर घेतं, म्हणजे या उतारावर 55-60 मिलिलिटर. तिसऱ्या गिअरमध्ये पाय उचलून उतरलं तर जवळपास शून्य. पेट्रोलपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ब्रेक. न्यूट्रलमध्ये गाडीला धरून ठेवणारं फक्त ब्रेक उरतात, ते तापतात, आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर कमी धरतात. खाली उतरल्यावर चाकापाशी जळका वास आला, तर तुम्ही चुकीच्या गिअरने उतरलात हे समजावं.

काही गाड्यांच्या मार्कांच्या पानावर चौथी एक ओळ असते: पेट्रोल न जाळता कापलेलं अंतर, `Distance without consumption` किंवा तशाच शब्दांत. मला हा आकडा सगळ्या पट्ट्यांपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो, कारण तो किलोमीटरमध्ये असतो आणि त्यात मतमतांतराला जागा नसते. भाच्याच्या पहिल्या नव्वदेक किलोमीटरच्या फेरीत तो 2.1 होता. परतीच्या फेरीत, घाट गिअरमध्ये उतरल्यावर आणि ब्रेकरची नवी पद्धत वापरल्यावर, 9.4 झाला. त्यातला काही भाग घाटाच्या उताराचा आहे, पण न्यूट्रलमध्ये उतरला असता तर तोही मिळाला नसता.

फार हलक्या उतारावर मात्र हा नियम ताणू नका. तिथे गिअरमध्ये पाय उचलला तर गाडी हळू पडत जाते, मागचे हॉर्न वाजवतात आणि शेवटी पुन्हा रेस द्यावीच लागते. अशा ठिकाणी वरच्या गिअरमध्ये अगदी हलका पाय ठेवून चालणं बरं.

चढताना प्रश्न वेगळा येतो, आणि तो दुसऱ्या पट्टीचा आहे.

गिअरचा बाण केव्हा ऐकायचा, केव्हा नाही

सपाट रस्त्यावर बाण ऐका. बहुतेक नवीन चालवणारे तिसऱ्या गिअरमध्ये पन्नासपर्यंत गाडी ताणत राहतात, आणि बाण त्यांना योग्यच सांगत असतो. छोट्या पेट्रोल गाडीत दोन ते अडीच हजार आरपीएमला वरचा गिअर टाकला की पुरतं. डिझेलमध्ये त्याहून थोडं आधी.

घाटात मात्र बाणाला मर्यादा आहे. गाडीत चढ ओळखण्याची सोय असली तरी वळणावर तुम्ही क्षणभर पाय सैल करता, तेव्हा तिला वाटतं आता जोर कमी लागतोय, आणि बाण वरचा गिअर मागतो. पुढच्याच क्षणी चढ समोर असतो. भाच्याने मार्कांच्या नादात एकदा तसा चौथा टाकला. चार माणसं, डिकीत ज्वारीचं पोतं, एसी चालू. गाडी थरथरायला लागली, रेस दाबली तरी वेग वाढेना, आणि बॉनेटमधून डबा वाजवल्यासारखा टणटण आवाज आला. हे नॉकिंग. कमी आरपीएमवर इंजिनाकडून जास्त ओझं ओढून घेतलं की होतं, आणि ते इंजिनाला खरोखर अपाय करतं. पेट्रोलही वाचत नाही, कारण पाय जमिनीपर्यंत दाबलेला असतो.

ओळखायची सोपी खूण: वरच्या गिअरमध्ये रेस अर्ध्याहून जास्त दाबूनही वेग वाढत नसेल, किंवा गिअरच्या दांड्यातून हाताला थरथर लागत असेल, तर बाण काहीही म्हणो, खालचा गिअर टाका. त्या एका चढापायी पट्टीतली एक काडी कमी झाली तर होऊ द्या.

वेग वाढवण्याच्या पट्टीबद्दल थोडं

या पट्टीत लोक उलट्या बाजूने चुकतात. मार्क मिळावेत म्हणून ऐंशीवर यायला अर्धा मिनिट घेतात आणि तोवर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच रखडतात. त्याने फायदा होत नाही. रेस मध्यम दाबा, गिअर पटापट वर न्या, ठरलेल्या वेगावर आलं की पाय सैल करा.

आणि ओव्हरटेक करताना मार्कांचा विचार मनात आणूच नका. कारखाने सुरू झाले की केज-अंबाजोगाई भागात उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात. त्यांना पार करताना खालचा गिअर, पूर्ण रेस, आणि लवकरात लवकर आपल्या बाजूला परत. एका फेरीत चार वेळा असं केलं तर पट्टी एका काडीने घसरते. समोरच्या गाडीसमोर एक सेकंद जास्त काढण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

गाडीच्या सूचना आणि त्यांचा अर्थ

फेरी संपल्यावर काही गाड्या एक-दोन वाक्यांत सल्ला देतात. वाक्यं इंग्रजीत आणि मोघम असतात, त्यामुळे नवीन माणूस ती वाचून सोडून देतो. भाच्याच्या गाडीने पहिल्या तीन फेऱ्यांना एकच सल्ला दिला होता, `Anticipate braking` अशा धर्तीचा. त्याने त्याचा अर्थ "ब्रेक आधी मारा" असा घेतला आणि तो खरोखरच लांबून ब्रेक दाबत यायला लागला. साध्या पेट्रोल गाडीत त्याचा अर्थ "पाय आधी उचला" असा आहे. ब्रेकचा वापर जितका कमी होईल तितकं चांगलं.

हायब्रीड गाडीत मात्र त्याच वाक्याचा अर्थ थोडा बदलतो. तिथे हलका, लांबवर दिलेला ब्रेक बॅटरी भरतो. टोयोटाच्या हायब्रीडमध्ये तर पट्ट्याच वेगळ्या आहेत: `Eco-Start`, `Eco-Cruise`, `Eco-Stop`, प्रत्येकीच्या पाच पायऱ्या, आणि गाडी थांबली की शंभरपैकी मार्क. गिअरची पट्टी तिथे नसते. `Eco-Stop` कमी येत असेल तर तुम्ही शेवटच्या क्षणी जोरात ब्रेक मारताय. सिग्नल दिसल्यापासून हळूहळू दाबत आलात की ती वाढते.

सल्ला एकच एक सारखा येत असेल तर तो खरा धरा. एखाद्या फेरीपुरता आलेला सल्ला सोडून द्या. त्या दिवशी शेळ्यांचा कळप आडवा आला असेल, बाजार असेल, रस्त्याचं काम चालू असेल.

मार्क वाढले, पण पेट्रोल वाचलं का?

हे स्क्रीनवरून ठरवू नका. स्क्रीनवरचं ॲव्हरेज बऱ्याच गाड्यांत खऱ्यापेक्षा जरा जास्त असतं. टाकी फुल ते टाकी फुल हाच हिशेब धरा. शक्यतो तोच पंप घ्या, नोझल आपोआप बंद झालं की थांबा, वरून आणखी पन्नास रुपयांचं घालायला लावू नका. मग ट्रिप मीटरचे किलोमीटर भागिले भरलेलं लिटर.

भाच्याच्या वहीतली पहिली नोंद, जुन्या सवयीची: 438 किलोमीटर, 27.4 लिटर. म्हणजे 16.0. स्क्रीन सांगत होती 17.1.

एक महिना फक्त ब्रेकर आणि उताराच्या सवयीवर काम केल्यानंतर: मार्क 81, तिसरी पट्टी पाचपैकी चार. 463 किलोमीटर, 26.1 लिटर. म्हणजे 17.7. शंभर किलोमीटरमागे साधारण 0.6 लिटर कमी. आठवड्याला तो 360 किलोमीटर चालतो, तेव्हा आठवड्याला सव्वादोन लिटरच्या आसपास वाचतं. शोरूमने सांगितलेले बावीस आले नाहीत आणि आपल्या रस्त्यांवर येणारही नाहीत. तो आकडा ठरावीक चाचणीतला असतो.

मग मार्चमध्ये एक गंमतशीर, पण शिकण्यासारखी गोष्ट झाली. मार्क 84 वर गेले आणि टाकीचं ॲव्हरेज 16.6 वर आलं. त्याने मला फोन केला, "मामा, ही गाडी खोटे मार्क देते."

गाडी खोटं बोलत नव्हती. ती फक्त पाय आणि गिअर बघते. बाकीचं तिला दिसत नाही किंवा ती मोजत नाही. मी त्याला सकाळी, गाडी बाहेर काढण्याआधी, हवा बघायला सांगितलं. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर 33 लिहिलेलं होतं, मागच्या दोन चाकांत 26 आणि 25 निघाली. हवा कमी असली की टायर रस्त्याला जास्त चिकटून दबतो आणि गाडी ओढायला जोर लागतो, तुम्ही कितीही अलगद चालवा. हवा थंड टायरमध्येच मोजायची. आपल्याकडे मार्चपासून दुपारी टायर तापले की काटा चार-पाचने जास्त दाखवतो, पंक्चरवाला बघून म्हणतो "बरोबर आहे", आणि सकाळी ती कमीच असते. त्याचंही तसंच झालं होतं.

दुसरं कारण बोलता बोलता निघालं. बीड ते मांजरसुंबा या चौपदरी तुकड्यावर तो आता शंभर-एकशेपाचने जात होता, एका वेगात, न ब्रेक, न झटका. त्याच्या गाडीच्या पट्ट्यांना हे आवडतं, कारण पाय स्थिर आहे. पण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ऐंशीच्या तुलनेत शंभरला तो दीडपटीहून जास्त होतो. वेगाची वेगळी पट्टी तुमच्या गाडीत नसेल, तर एवढी एक गोष्ट तुम्हालाच बघायची आहे. टपावर कॅरिअर लावलेलं असेल तर त्याचंही हेच.

हवा 33 केली, त्या तुकड्यावर वेग पुन्हा ऐंशी-पंच्याऐंशी ठेवला. पुढच्या टाकीला 18.1 आले, मार्क 83. उन्हाळा असूनही, एसी चालू ठेवून. एसी बंद करा असं मी कुणाला सांगत नाही. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत बंद काचा आणि बंद एसी ठेवून डोळ्यावर झापड आणण्यात काही अर्थ नाही. एवढं करा: उन्हात उभी असलेली गाडी सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटं काचा खाली करून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा.

वहीत आता तो दर टाकीला चारच गोष्टी लिहितो: किलोमीटर, लिटर, मार्क, आणि सगळ्यात छोटी पट्टी कोणती. मार्क वाढून ॲव्हरेज घटलं तर आधी हवा बघायची, मग वेग, मग टपावर किंवा डिकीत काय ओझं आहे ते. दोन्ही एकदम घटले तर पाय बघायचा. मार्क तसेच राहून ॲव्हरेज दोन-तीन टाक्या सलग उतरत गेलं, आणि हवाही ठीक असली, तर गाडी मेकॅनिकला दाखवायची: एअर फिल्टर धुळीने भरलेला असतो, किंवा एखादं चाक ब्रेकला घासत चाललेलं असतं. चाकाचं तुम्हालाही कळतं. वीसेक किलोमीटर कमी ब्रेक वापरून चालवा, थांबल्यावर चारही रिमपाशी हात न लावता तळवा धरा. एकाच चाकाची धग जास्त लागली तर तेच.

सध्या त्याची सगळ्यात छोटी पट्टी गिअरची आहे, पाचपैकी तीन. या टाकीला त्याने तेवढंच घेतलं आहे: सपाट रस्त्यावर बाण दिसला की गिअर, घाटात हाताला थरथर लागली की खालचा.